मुलीच्या ग्लुकोज सेन्सरचा क्लेम नामंजूर झाला तर: विमा कंपनीला अपीलपत्र कसे लिहायचे

लहान मुलाला टाइप १ मधुमेहाचे निदान अनेकदा दवाखान्यात दाखल झाल्यावरच होते. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणे याकडे आठ-पंधरा दिवस दुर्लक्ष होते. मग उलट्या सुरू होतात, श्वास जोरात चालतो आणि मूल डीकेएमध्ये, म्हणजे डायबेटिक केटोअॅसिडोसिसमध्ये, आयसीयूत दाखल होते. पाच-सहा दिवसांनी डिस्चार्ज मिळताना डॉक्टर इन्सुलिनची पेन, स्ट्रिप्स आणि दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर लिहून देतात. दवाखान्याचे बिल कंपनी भरते. घरी आल्यावरची औषधेही बहुधा मंजूर होतात. सेन्सरच्या बिलापुढे मात्र शेरा येतो: ‘ओपीडी खर्च, देय नाही’ किंवा ‘बाह्य उपकरण, देय नाही’.

या लेखात याच एका प्रसंगाबद्दल लिहिले आहे: दाखल होऊन घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत घेतलेले सेन्सर आणि त्यांचा फेटाळलेला क्लेम. भारतातल्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीत सेन्सरचे पैसे मिळण्याची खरी जागा हीच आहे.

आधी पाहा, अपिलात दम आहे का

पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’ हा मथळा शोधा. डिस्चार्जनंतर किती दिवसांचा खर्च मिळतो ते तिथे लिहिलेले असते. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत ६० दिवस आहेत, अनेक खाजगी पॉलिसींत ९० किंवा जास्तही असतात. सेन्सर त्या दिवसांच्या आत घेतलेला असेल आणि दवाखान्याचा मूळ क्लेम मंजूर झालेला असेल, तर अपील जोरात लढवता येते.

ती मुदत उलटून गेल्यावर घेतलेल्या सेन्सरसाठी पॉलिसीत वेगळे ओपीडी कव्हर लागते. ते असेल तर त्यातली मर्यादा आणि शब्द पाहून लिहावे लागेल. ओपीडी कव्हरही नसेल, तर वर्षभराच्या सेन्सरचा क्लेम कितीही चांगल्या पत्राने मंजूर होणार नाही, कारण पॉलिसीने तो खर्च देण्याचे कबूलच केलेले नाही. अशा वेळी पत्रावर महिना घालवण्यापेक्षा ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची सोय आहे का, याची एचआरकडे चौकशी करणे फायद्याचे ठरते.

दुसरी अडचण आहे बाह्य किंवा टिकाऊ उपकरणांच्या अपवादाची, म्हणजे त्यांचा खर्च देय नाही असे सांगणाऱ्या कलमाची. विमा नियामक इर्डाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत हा अपवाद नाही, त्यामुळे त्याचे शब्द कंपनीगणिक बदलतात. काही पॉलिसींत फक्त ‘टिकाऊ बाह्य वैद्यकीय उपकरणे’ असे असते. काहींत ‘निदानासाठी वा उपचारासाठी वापरलेले कोणतेही बाह्य उपकरण’ असते, आणि काहींत तर ‘ग्लुकोमीटर, इन्सुलिन पंप’ अशी नावेच दिलेली असतात. पहिल्या शब्दांशी लढता येते, दुसऱ्यांशी कष्टाने. तिसऱ्यात सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरचे नाव स्पष्ट लिहिलेले असेल, तर अपील टिकणे कठीण आहे. म्हणून पत्राला बसण्याआधी हे वाक्य पुस्तिकेतून शब्दशः उतरवून घ्या. पुढचा सगळा युक्तिवाद त्या एका वाक्यावर उभा असतो.

नामंजुरीचे पत्र नीट मागून घ्या

पुष्कळांकडे नामंजुरीचे पत्रच नसते. मंजूर रकमेचा तक्ता असतो आणि सेन्सरसमोर ‘एनपी’ किंवा ‘नॉन पेएबल’ लिहिलेले असते. कधी कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने फोनवर सांगितलेले कारण असते. याच्याविरुद्ध अपील लिहिता येत नाही, कारण कंपनी उद्या कारण बदलू शकते.

इर्डाच्या आरोग्य विम्यावरील २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमधल्या दोन गोष्टी इथे उपयोगी आहेत. कोणताही क्लेम क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या (किंवा तिच्या वरच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीच्या) संमतीशिवाय फेटाळता येत नाही. आणि क्लेम पूर्ण फेटाळला किंवा अंशतः कापला, तरी पॉलिसीतल्या नेमक्या कलमाचा हवाला देऊन कारण कळवावे लागते. तेव्हा पहिला ईमेल चार ओळींचा पाठवा: क्लेम क्रमांक, कापलेली रक्कम, ‘कोणत्या कलमाखाली नामंजूर केले ते कलमाच्या शब्दांसह लेखी कळवा’ आणि ‘या निर्णयाला क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची संमती होती का ते कळवा’. ईमेल टीपीएला पाठवा, पण प्रत विमा कंपनीला नक्की ठेवा. टीपीए फक्त कागद हाताळतो, निर्णय आणि जबाबदारी कंपनीची असते.

उत्तराची वाट आठवडाभर पाहा. नाही आले तर हातातल्या तक्त्यावरच अपील करा आणि ‘कारण लेखी मागितले, मिळाले नाही’ हे पत्रात तारखेसह लिहा. पुढे विमा लोकपालांसमोर हे वाक्य कामाला येते.

कागद: कुठे काय अडते

अपील बहुतेक वेळा युक्तिवादापेक्षा कागदावर पडते, म्हणून इथे घाई नको.

सर्वांत महत्त्वाचा कागद डिस्चार्ज कार्ड. त्यावर सेन्सरचा उल्लेख असेल तर अर्धे काम झाले. बहुतेक वेळा मात्र तिथे ‘घरी शुगर तपासत राहा’ एवढेच असते आणि सेन्सर पुढच्या भेटीत साध्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. मग ती चिठ्ठी तारीख, मुलीचे नाव, सेन्सरचे नाव, दर किती दिवसांनी बदलायचा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक यांसह हवी. सेन्सर घेतल्याच्या तारखेनंतरची चिठ्ठी चालत नाही, कारण खर्च ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ झालेला असावा लागतो. काही जण डॉक्टरांकडे मागच्या तारखेची चिठ्ठी मागतात. ते मुळीच करू नका. दवाखान्याच्या संगणकातली नोंद आणि चिठ्ठीची तारीख जुळली नाही, तर सेन्सरच काय, सगळा क्लेम संशयात जातो. डॉक्टरांनी तोंडी सांगितले होते आणि लिहायचे राहिले असेल, तर आजच्याच तारखेचे प्रमाणपत्र घ्या. त्यात ‘डिस्चार्जच्या वेळी सेन्सर लावण्याचा सल्ला दिला होता’ असे त्यांच्या नोंदींच्या आधारे लिहिलेले असावे.

दुसरा कागद बिल. मेडिकलवाल्याकडून घेतलेल्या बिलावर मुलीचे नाव, डॉक्टरांचे नाव, बॅच क्रमांक आणि जीएसटी क्रमांक असतो. ऑनलाइन मागवलेल्या बिलावर मात्र वडिलांचे नाव आणि ‘स्टार्टर किट’ असे मोघम लिहिलेले असते. त्या किटमध्ये सेन्सरबरोबर त्याचे आकडे दाखवणारा रीडरही असतो. रीडर हे टिकाऊ उपकरण आहे, वर्षानुवर्षे वापरता येते, आणि त्याच्यामुळे सगळे बिलच ‘उपकरण’ या सदरात जाते. विक्रेत्याकडून सेन्सर आणि रीडर यांच्या किमती वेगळ्या दाखवणारे बिल मागा आणि अपिलात रीडरची रक्कम स्वतःहून सोडून द्या. शिवाय इर्डाच्या न देय वस्तूंच्या यादीत ‘तपशील नसलेले कोणतेही किट’ अशी एक नोंदच आहे. बिलावर नुसते ‘किट’ लिहिलेले असेल, तर कंपनीला दुसरे काही शोधावे लागत नाही.

तिसरा कागद सेन्सरचा अहवाल. फोनच्या अॅपमधून किंवा रीडर संगणकाला जोडून एजीपी नावाचा एक पानाचा अहवाल निघतो. चौदा दिवसांतल्या किमान ७० टक्के वेळेची नोंद असल्याशिवाय तो वैद्यकीयदृष्ट्या पुरेसा धरत नाहीत. पहिल्या पिढीचा सेन्सर आठ तासांचीच माहिती साठवतो, त्यामुळे दर आठ तासांच्या आत स्कॅन केले नाही तर मधला भाग कायमचा जातो. अहवालात भोके दिसली तर कंपनीचा वैद्यकीय अधिकारी ‘वापरच नीट नाही’ म्हणायला मोकळा होतो. अशा वेळी सगळ्यांत भरलेले दोन पंधरवडे निवडा, पण निवड केली आहे हे लपवू नका.

एक उदाहरण धरू

मुलगी ७ वर्षांची, वजन २२ किलो. ३ मार्च २०२५ ला डीकेएमुळे दाखल, ८ मार्चला डिस्चार्ज. पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवस, म्हणजे ७ मेपर्यंत. दवाखान्याचा क्लेम मंजूर. डॉक्टरांनी ८ मार्चच्या चिठ्ठीत १४ दिवसांचा सेन्सर सलग लावायला सांगितला. सेन्सर लावले १० मार्च, २४ मार्च, ७ एप्रिल, २१ एप्रिल आणि ५ मे रोजी, प्रत्येकी ५,००० रुपयांप्रमाणे २५,००० रुपये. (किंमत हिशोबासाठी धरली आहे, आपल्या बिलातली घाला.) पोस्ट-हॉस्पिटलायझेशनची बिले १९ मे रोजी दिली. आरोग्य संजीवनीत मुदत संपल्यापासून १५ दिवसांत ती द्यायची असतात, म्हणून २२ मेच्या आत. २ जूनला पत्र आले: इन्सुलिन व स्ट्रिप्स मंजूर, सेन्सर ‘ओपीडी स्वरूपाचा खर्च, टिकाऊ बाह्य उपकरण’ म्हणून नामंजूर.

पाचव्या सेन्सरकडे पाहा. तो ५ मे रोजी घेतला, म्हणजे खर्च मुदतीत झाला, पण १४ पैकी ३च दिवस मुदतीत येतात. कंपनी हे पाहणारच. म्हणून मागणी दोन पायऱ्यांत करावी: मुख्य मागणी पूर्ण २५,००० रुपयांची, आणि ती मान्य नसेल तर चार सेन्सरचे २०,००० व पाचव्याचे तीन दिवसांचे १,०७१, मिळून २१,०७१ रुपयांची. निर्णय देणाऱ्याच्या हातात तयार आकडा असला की पाचव्या सेन्सरवरून अख्खा क्लेम अडून राहत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सहा सेन्सरचा साठा घेतला असता, तर हा बचाव करता आला नसता.

कारणाला कारण

‘ओपीडी खर्च’ या कारणाला उत्तर पॉलिसीच्याच व्याख्येत असते. इर्डाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवलेल्या व्याख्येनुसार पोस्ट-हॉस्पिटलायझेशन खर्चाला दोनच अटी आहेत: ज्या आजारासाठी दाखल केले त्याच आजारासाठी खर्च झालेला असावा, आणि दाखल होण्याचा क्लेम देय असावा. डिस्चार्जनंतरचा खर्च दवाखान्याबाहेरच होणार. तो बाहेर झाला म्हणून ओपीडी म्हटला, तर हे कलम पॉलिसीत असून नसल्यासारखे होते. त्यात कंपनीने याच मुदतीतले इन्सुलिन व स्ट्रिप्स मंजूर केले आहेत. शुगर मोजायची स्ट्रिप पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये बसते आणि शुगर मोजायचा सेन्सर ओपीडीत जातो, हा फरक कोणत्या कलमातून आला ते पत्रात सरळ विचारा. सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच. तो सुरुवातीला घ्या.

‘टिकाऊ उपकरण’ याला उत्तर वस्तूच्या स्वरूपातून द्यायचे. सेन्सरची बारीक तार त्वचेखाली राहते. १४ दिवसांनी तो आपोआप बंद पडतो, काढल्यावर पुन्हा लावता येत नाही आणि फेकून द्यावा लागतो. टिकाऊपणाची कोणतीही खूण त्याच्यात नाही. पाकिटावर छापलेल्या वापरमुदतीचा फोटो जोडा. पॉलिसीत ‘टिकाऊ’ शब्द आहे आणि त्याची व्याख्या नाही, तर संदिग्ध शब्दाचा अर्थ पॉलिसी लिहिणाऱ्या कंपनीविरुद्ध लावला जातो आणि अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारीही कंपनीवर असते. विम्याच्या कायद्यात हे पक्के तत्त्व आहे. एका वाक्यात लिहा, निवाड्यांची जंत्री नको.

कधी प्रमाणित अपवादांतला ‘एक्सक्ल०४’ हा कोड येतो. तो तपासणीसाठीच दाखल होण्याबद्दल आणि सध्याच्या आजाराशी संबंध नसलेल्या चाचण्यांबद्दल आहे. डीकेएने आयसीयूत गेलेल्या मुलीला तो लागत नाही. कधी न देय वस्तूंच्या यादीचा हवाला येतो. त्या यादीत ‘ग्लुकोमीटर व स्ट्रिप्स’ अशी नोंद आहे, पण ती चौथ्या यादीत, म्हणजे दवाखान्याने उपचाराच्या खर्चातच धरायच्या वस्तूंत. दवाखान्याने वेगळे बिल लावू नये म्हणून ती आहे, घरी आल्यावरच्या खर्चासाठी नाही. सेन्सरचा त्यात उल्लेखही नाही.

‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ हे कारण मात्र डॉक्टरांच्या मदतीशिवाय पुसता येत नाही.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात काय हवे

‘सदर मुलीला सेन्सर आवश्यक आहे’ एवढ्या ओळीला किंमत नाही. प्रमाणित व्याख्येत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ ठरण्याच्या कसोट्या दिलेल्या आहेत: आजाराच्या उपचारासाठी लागणारे असावे, सुरक्षित व पुरेशा उपचारापेक्षा जास्त नसावे, डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे आणि भारतातील किंवा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व्यवसायात मान्य असावे. प्रमाणपत्राने याच क्रमाने उत्तर द्यावे. डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून मसुदा तुम्ही करून न्या. तपासून बदल ते करतील.

शेवटच्या कसोटीसाठी बालमधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, इस्पॅडचा, आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा आधार पुरतो. टाइप १ असलेल्या मुलांसाठी सतत ग्लुकोज मोजण्याची शिफारस दोन्हींत आहे. दुसऱ्या कसोटीवर खरी लढत होते, कारण कंपनी म्हणते, ‘स्ट्रिपने भागते’. याला उत्तर मुलीच्या नोंदींतून येते, आणि इथे एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे.

उदाहरणातल्या मुलीच्या वहीत १६ मार्चची रात्र अशी आहे: २ वाजून ४० मिनिटांनी आईने झोपलेल्या मुलीचा सेन्सर स्कॅन केला, आकडा ५२, बाण खाली. मुलगी शांत झोपलेली, घाम नाही, थरथर नाही. बोट टोचून खात्री केली तर ५५. सात ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात दिली (किलोमागे ०.३ ग्रॅमच्या हिशोबाने), १५ मिनिटांनी ७८. सेन्सरच्या आलेखात आधीच्या दोन रात्रीही दोन ते चारच्या दरम्यान ७० च्या खाली गेल्याचे दिसले, तेव्हा बोट कोणी टोचलेले नव्हते. १८ मार्चला डॉक्टरांनी रात्रीचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन ६ वरून ५ युनिट केले.

ही एक नोंद पानभर विशेषणांपेक्षा जड आहे, कारण तिच्यात धोका दिसतो, स्ट्रिपला तो का दिसला नाही ते कळते आणि त्यावरून डोस बदलल्याची डॉक्टरांच्या कागदावर तारीख आहे. अशा दोन-तीन नोंदी पुरेत. प्रत्येकीत वेळ, आकडा, काय केले आणि नंतर कोणता डोस बदलला हे असावे. ‘बोटे टोचून लेकराला त्रास होतो’ हे खरे असले, तरी पत्राच्या मुख्य भागात लिहू नका. कंपनीचा अधिकारी ते वाचून ‘सोयीसाठी’ असा शेरा मारतो आणि विषय संपवतो.

एका सापळ्यापासून जपा. पहिल्या पंधरवड्यात ७० ते १८० या टप्प्यातला वेळ ४१ टक्के आणि ७० च्या खालचा ९ टक्के होता, आठव्या आठवड्याअखेर ६६ आणि ३ झाला, असे अहवाल दाखवतो. ‘सेन्सरमुळे सुधारणा झाली’ असे लिहायचा मोह होतो. पण निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की शुगर तशीही सुधारते, आणि कंपनीचा डॉक्टर एका ओळीत हे सांगून पत्र मोडून काढेल. त्याऐवजी ‘या काळातले डोसचे चारही बदल सेन्सरच्या नोंदींवर केले’ एवढेच म्हणा. ते खरे आहे आणि खोडता येत नाही. एचबीएवनसीचाही आधार घेऊ नका. ते दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ६० दिवसांच्या आत केलेल्या तपासणीत निदानाआधीचा काळही मिसळलेला असतो.

पत्र

पत्र दोन पानांपेक्षा मोठे नको. ते कंपनीच्या ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसरच्या नावाने पाठवा. पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. मराठीत लिहायला हरकत नाही, पण वाचणारा वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या राज्यात बसलेला असण्याचा संभव मोठा, म्हणून इंग्रजी प्रतही जोडा आणि पॉलिसीतली वाक्ये भाषांतर न करता जशीच्या तशी उतरवा. मराठी मसुदा साधारण असा:

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी, ______ विमा कंपनी
>
> विषय: पॉलिसी क्र. ______, क्लेम क्र. ______. डिस्चार्जनंतरच्या मुदतीतील ग्लुकोज सेन्सरचे रु. २५,००० नामंजूर केल्याविरुद्ध अपील.
>
> महोदय/महोदया,
>
> माझी मुलगी (वय ७) टाइप १ मधुमेह व डीकेए यामुळे ३ ते ८ मार्च २०२५ या काळात ______ रुग्णालयात दाखल होती. तो क्लेम आपण मंजूर केला आहे. डॉक्टरांच्या ८ मार्चच्या चिठ्ठीनुसार (जोडपत्र १) १० मार्च ते ५ मे या काळात तिला पाच सेन्सर लावले (जोडपत्र २). आपल्या २ जूनच्या पत्राने हा खर्च ‘ओपीडी स्वरूपाचा’ आणि ‘टिकाऊ बाह्य उपकरण’ म्हणून नाकारला आहे. दोन्ही कारणे पॉलिसीला धरून नाहीत.
>
> १. पॉलिसीतील कलम ____ नुसार [शब्दशः]. सेन्सर त्याच आजारासाठी, ६० दिवसांच्या मुदतीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले. दाखल होण्याचा क्लेम देय ठरलेला आहे. याच मुदतीतील इन्सुलिन व स्ट्रिप्स आपण मंजूर केल्या. सेन्सर वेगळा धरण्यास कोणते कलम आधार देते, ते कृपया कळवावे.
>
> २. पॉलिसीतील कलम ____ [शब्दशः] टिकाऊ उपकरणांबद्दल आहे. सेन्सर १४ दिवसांनी बंद पडतो व टाकून द्यावा लागतो (जोडपत्र ३). तो टिकाऊ नाही. ‘टिकाऊ’ची व्याख्या पॉलिसीत नाही आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा लागतो. रीडरची किंमत मी मागितलेली नाही.
>
> ३. सेन्सर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होता. १६ मार्च रोजी पहाटे २.४० वाजता कोणतेही लक्षण नसताना शुगर ५२ आढळली. आधीच्या दोन रात्रींची घसरण फक्त सेन्सरच्या आलेखात दिसते. त्यावरून १८ मार्चला डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस बदलला (जोडपत्र ४ व ५). डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे (जोडपत्र ६).
>
> तरी रु. २५,००० मंजूर करावेत. पाचवा सेन्सर पूर्ण देय नाही असे आपले मत असल्यास रु. २१,०७१ मंजूर करून उरलेल्या रकमेची कारणे कलमासह कळवावीत. नामंजुरीस क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची संमती होती का, हेही कळवावे.
>
> आपला/आपली नम्र,

जोडपत्रांवर हाताने क्रमांक घाला आणि पत्रात सांगितलेली ओळ पिवळ्या पेनाने रंगवा. चाळीस पाने जोडून ‘सोबत पाहावे’ म्हटले की कोणी पाहत नाही. मूळ बिले आधीच दिली असतील तर आता छायाप्रतीच द्या. पत्र ईमेलने पाठवा आणि कागदी प्रत स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. ईमेलला तक्रार क्रमांक येतो, तो जपून ठेवा.

कंपनीने पुन्हा नाही म्हटले तर

तक्रार मिळाल्यापासून दोन आठवड्यांत निपटारा करणे कंपनीला बंधनकारक आहे. उदाहरणात पत्र १२ जूनला गेले, म्हणजे २६ जूनपर्यंत. तेवढ्यात उत्तर नाही आले किंवा जुनेच वाक्य परत आले, तर इर्डाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. पोर्टल स्वतः निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तिच्यावर नजर ठेवते. पण तिथे नोंद झाली की फाइल कंपनीत वरच्या टेबलावर जाते, आणि पुष्कळ वेळा एवढ्यावरच काम होते.

त्यानंतर विमा लोकपाल. अट एवढीच की आधी कंपनीला लेखी कळवलेले असावे आणि तिने नाकारलेले असावे किंवा महिनाभर उत्तर दिलेले नसावे. त्यापुढे एका वर्षाच्या आत जायचे. कोर्टात किंवा ग्राहक आयोगात तोच दावा चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. cioins.co.in वर अर्ज करता येतो. मुंबई आणि पुण्यातही कार्यालये आहेत. कोणते तुमचे, ते पत्त्यावरून ठरते आणि त्याच संकेतस्थळावर कळते. सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, आणि कंपनीने तो ३० दिवसांत पाळला नाही तर तिला दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

सुनावणी बहुधा व्हिडिओवर आणि दहा-पंधरा मिनिटांचीच होते. समोर कंपनीचा अधिकारी आणि कधी त्यांचे डॉक्टर असतात. नव्या युक्तिवादाची गरज नसते. तीन कागद हाताशी ठेवा: पोस्ट-हॉस्पिटलायझेशनचे कलम, इन्सुलिन व स्ट्रिप्स मंजूर केल्याचा तक्ता आणि १६ मार्चच्या रात्रीचा आलेख. ‘स्ट्रिप दिली, सेन्सर का नाही?’ हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी बहुतेक वेळा लोकपालच विचारतात. तो विचारला गेला नाही तर तुम्ही विचारा, आणि कंपनीच्या अधिकाऱ्याने कलमाचा क्रमांक सांगेपर्यंत दुसऱ्या मुद्द्याकडे जाऊ नका.